निर्यमक पद्यात बोलण्याची लय: राजापूरच्या खाडीवरची एक दीर्घ कविता

राजापूरच्या खाडीवर सुमारे अडीचशे ओळींची चिंतनकविता लिहायची, असं एका कवयित्रीनं ठरवलं होतं. अर्जुना नदीच्या या बंदरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. पुढे खाडी गाळानं भरत गेली, मोठी गलबतं वर येईनाशी झाली आणि गावाचं बंदरपण गेलं. कवितेला गोष्ट सांगायची नव्हती. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात जे चालतं ते, त्याच्याच बोलण्याच्या चालीत, पण पद्यात यायला हवं होतं. यमक नको होतं आणि गद्यही नको होतं. या कामात छंदाची निवड कशी झाली, पहिले दोन खर्डे कुठे फसले आणि तिसऱ्यात काय बदललं, ते इथे ओळी मोजून मांडलं आहे.

पहिला खर्डा मराठी कानाला सगळ्यात सवयीच्या चालीत उतरला: सोळा मात्रांची ओळ, आठ-आठ मात्रांची दोन आवर्तनं. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त या आठ मात्रांच्या चालीला पद्मावर्तनी म्हटलं आहे. सुरुवातीच्या चार ओळी अशा होत्या:

खाडीकाठी जुनाच धक्का
गाळामध्ये बुडून गेला
कुणी न येथे आता येतो
वाराच फक्त येउन जातो

मात्रा चोख आहेत. प्रत्येक ओळ ८ + ८ आहे आणि एकही मात्रा इकडची तिकडे नाही. पण या ओळी मोठ्यानं वाचल्या की टाळी पडायला लागते, आणि टाळी पडली की विचार थांबतो. चिंतन करणारा माणूस मध्येच अडतो, एखादं वाक्य लांबवतो, दुसरं अर्ध्यावर सोडतो. दर आठव्या मात्रेला ठेका आला की हे सगळं सपाट होतं.

ठेक्यापायी भाषाही वाकली आहे. ‘जुनाच’ मधल्या ‘च’ला अर्थाचं काही काम नाही, तो एक मात्रा भरायला आला आहे. ‘येऊन’ पाच मात्रांचं होतं म्हणून ‘येउन’ करून चारात बसवलं आहे. ‘कुणी न येथे’ अशी रचना राजापुरात काय, कुठेच कुणी बोलत नाही. शेवटच्या दोन ओळींत ‘येतो’ आणि ‘जातो’ हे यमक न मागता आलं आहे. यातली पहिली तीन दुखणी कुठल्याही वृत्तात होतात आणि थोड्या दुरुस्तीनं जातात. चौथं मात्र मराठीत निर्यमक लिहिणाऱ्याला सतत छळतं, त्याच्याकडे पुढे येऊ.

दुसरा खर्डा मुक्तछंदात झाला. ‘येथे’, ‘न’ वगैरे गळून पडलं आणि वाक्यं मोकळी झाली. वीस-पंचवीस ओळी छान गेल्या. पण लांब कवितेत कानाला काहीतरी अपेक्षा लागते, म्हणजे ओळ साधारण कुठे संपणार याचा अंदाज. तो असला तरच ओळ ओलांडून वाक्य पुढे गेल्याचं जाणवतं. ओळीला माप नसेल, तर ती तोडल्याचा परिणाम फक्त कागदावर दिसतो, ऐकताना नाही. आखूड कवितेत प्रतिमा ही उणीव भरून काढतात. अडीचशे ओळींच्या चिंतनाला त्या पुरत नाहीत.

इंग्रजीत हे काम सोळाव्या शतकापासून पाच आघातांच्या, साधारण दहा अक्षरांच्या यमकहीन ओळीनं केलं. मराठीत ती ओळ जशीच्या तशी आणता येत नाही, कारण आपल्या बोलण्याची लय आघातावर फारशी चालत नाही, ती ऱ्हस्व-दीर्घाच्या काळावर चालते. सावरकरांनी निर्यमक रचनेसाठी वैनायक वृत्त घडवलं, पण ते वीररसाच्या आख्यानाला साजेसं आहे. हलक्या आवाजातल्या विचारासाठी वेगळं माप शोधावं लागलं.

माप अक्षरांचं घ्यायचं की मात्रांचं, हा पहिला प्रश्न होता. ओवी-अभंगाच्या परंपरेमुळे चौदा अक्षरांची ओळ घ्यावीशी वाटते, पण तिथे लिहिणं आणि बोलणं यांच्यातला फरक आडवा येतो. मराठी बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा आणि पुष्कळदा मधलाही ‘अ’ उच्चारत नाही. ‘दिसतात’ कागदावर चार अक्षरं आहे, तोंडात मात्र ‘दिस्‌-तात्‌’ अशी दोनच. तिसऱ्या खर्ड्यातल्या या दोन ओळी पाहा:

तीनच दिसतात, बाकीच्या गाळात
मोजणारेही गेले मुंबईला.

पहिलीत लिहिलेली अक्षरं १३ आहेत, बोलताना ९ होतात. दुसरीत लिहिलेली ११, बोलताना १०. म्हणजे कागदावर लांब दिसणारी ओळ तोंडात उलट आखूड निघते. अक्षरं मोजून बांधलेली कविता बोलीच्या उच्चारात वाचली की डगमगते ती यामुळेच, आणि मग वाचणारा नकळत ‘दि-स-ता-त’ असा कीर्तनी उच्चार करू लागतो. मात्रा मोजल्या तर दोन्ही ओळी २० भरतात. ‘दिस’ हे दोन लघु म्हणून मोजा किंवा ‘दिस्‌’ असा एक गुरू म्हणून, बेरीज दोनच येते. ‘गाळ’ तोंडात एकाच झटक्यात येतो, पण त्याला लागणारा वेळ जवळपास तीन मात्रांचाच असतो. ‘अ’ गळाला तरी मात्रा टिकतात, म्हणून बोलण्याच्या जवळ राहायचं असेल तर मात्रांचं माप धरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जोडाक्षरं कानानं मोजायची. ‘उद्या’ म्हणताना ‘उ’वर जोर येतो, म्हणून तो गुरू आणि शब्द ४ मात्रांचा. ‘पायऱ्या’ म्हणताना ‘य’वर जोर येत नाही, म्हणून तो लघुच आणि शब्द ५ मात्रांचा. ओळीच्या शेवटी लघु आला तर गरजेप्रमाणे तो गुरू धरण्याची सवलत जुनीच आहे, तीही ठेवली.

वीसच मात्रा का? सोळा घेतल्या की ८ + ८ लगेच हजर होतात. चोवीस आठांतही भागतात आणि सहांतही. वीस मात्रांची आठ, सात किंवा सहांची पूर्ण आवर्तनं होत नाहीत, त्यामुळे ठेका सहज बसत नाही. शिवाय ओळ एका श्वासात मावते आणि तिच्यात एखादं छोटं वाक्य संपून दुसरं सुरू होण्याइतकी जागा उरते. वीसाला एक धोका आहे, पाचांचा. ‘दिसतात पायऱ्या गाळात खालच्या’ या ओळीत चारही शब्द पाच-पाच मात्रांचे आहेत, आणि ती वाचताच झोका घेऊ लागते. अशी ओळ चुकून येते आणि गोड वाटते म्हणून राहून जाते. ती मोडावीच लागते.

तिसऱ्या खर्ड्यात तोच धक्का असा आला:

धक्का अजून आहे. पायऱ्या मात्र
तीनच दिसतात, बाकीच्या गाळात
गेल्या. उद्या कुणी उपसला गाळ
तर त्या सगळ्या मोजता येतील, पण
कोण उपसेल? बंदर गेलं तेव्हा
मोजणारेही गेले मुंबईला.

पहिली ओळ ४ + ४ + ४ + ५ + ३ अशी आहे. सुरुवातीच्या बारा मात्रांत चारांची चाल मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे कानाला कळतं की हे पद्य आहे. मग ‘पायऱ्या’च्या पाच मात्रा येऊन ती चाल मोडतात. दुसरी ओळ ४ + ५ + ६ + ५. तिसरी १९ भरते आणि ‘गाळ’मधला शेवटचा ‘ळ’ गुरू धरला की २०. बाकीच्या तीन ओळी सवलतीशिवाय वीस आहेत.

या सहा ओळींचा जीव विरामाच्या जागेत आहे. पहिलीत थांबा बाराव्या मात्रेनंतर येतो, दुसरीत नवव्या, तिसरीत चौथ्या, चौथीत अठराव्या आणि पाचवीत आठव्या मात्रेनंतर. सहावी ओळ न थांबता शेवटपर्यंत जाते. ओळीचं माप पक्कं आणि आतला थांबा फिरता, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बोलल्यासारखं वाटतं. थांबा सलग तीन ओळींत एकाच मात्रेवर पडला तर नवं आवर्तन तयार होतं. अशा जागी मधल्या ओळीतलं वाक्य लांबवायचं किंवा तोडायचं.

आता ते चौथं दुखणं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि क्रियापदांचे शेवट मोजकेच आहेत: -तो, -ते, -ला, -ली, -आहे, -होते. वाक्य आणि ओळ एकाच ठिकाणी संपू दिली की यमक आपोआप जुळतं, टाळायचं म्हटलं तरी. उपाय एकच आहे: वाक्य ओळीच्या पोटात संपवायचं. वरच्या सहा ओळींचे शेवट पाहा: मात्र, गाळात, गाळ, पण, तेव्हा, मुंबईला. त्यात एकही क्रियापद नाही. सगळी क्रियापदं ओळीच्या आत आहेत किंवा, ‘गेल्या’सारखी, पुढच्या ओळीच्या तोंडाशी. ‘गाळात’ आणि ‘गाळ’ लागोपाठ शेवटी आले आहेत. ही पुनरुक्ती चालते, कारण बोलतानाही माणूस तोच शब्द पुन्हा उचलतो. तिसऱ्यांदा तो ओळीच्या शेवटी आला असता तर खटकला असता.

ओळ कुठे तोडायची यालाही बोलणंच प्रमाण आहे. ‘गाळ’ आणि ‘तर’ यांच्यामध्ये तोडल्यामुळे ‘तर’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो आणि त्याच्यावर नेमका बोलतानाचा जोर पडतो. ‘पण’वर ओळ सोडली की ऐकणारा पुढे ओढला जातो. मात्र ही युक्ती लगेच कळून येते, म्हणून एका कडव्यात ती एकदाच वापरावी. ‘मोजता / येतील’ किंवा ‘शकत / नाही’ अशी क्रियापदाची जोडी फोडू नये. तिथे कुणी श्वास घेत नाही.

शब्दांची उलटापालट सरसकट वर्ज्य नाही. ‘कुणी गाळ उपसला तर’ हा सरळ क्रम. ‘कुणी उपसला गाळ तर’ हेही आपण बोलतो, कर्म मागाहून आठवल्यासारखं. ‘कुणी न येथे’ बोलत नाही. कसोटी साधी आहे: कविता सलग गद्यासारखी लिहून काढायची आणि ती न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्यायची. तो अडखळतो तिथे क्रम मोडलेला असतो. दुसरी कसोटी बोटांची. वाचता वाचता दर चार मात्रांना बोट आपटायचं. तीन ओळी सलग प्रत्येक टिचकी शब्दाच्या सुरुवातीवरच पडत असेल, तर ठेक्यानं बोलणं गिळलं आहे.

प्रत्यक्ष बांधणी या क्रमानं झाली. एकेका कडव्याचा मजकूर आधी तोंडी सांगून मोबाइलवर घेतला, जसाच्या तसा उतरवला आणि थांबे खुणेनं दाखवले. मग तो वीस मात्रांच्या ओळींत बसवला. दर ओळीत एक-दोन मात्रा कमी-जास्त होतातच, आणि भरतीचे शब्द शिरतात ते नेमके इथे. त्याऐवजी बोलीतलेच पर्याय मात्रांसकट हाताशी ठेवले. ‘फक्त’ ३, ‘नुसतं’ ४. ‘तरी’ ३, ‘तरीही’ ५, ‘तरीसुद्धा’ ७. ‘मग’ २, ‘नंतर’ ४. ‘अजून’ ४, ‘अजूनही’ ६. वरच्या उताऱ्यात ‘उपसणार कोण?’ आधी सुचलं होतं, पण त्यात ९ मात्रा आहेत आणि त्यानं ओळ २१ होत होती. ‘कोण उपसेल?’ ८ मात्रांत बसलं आणि तितकंच बोलीतलं राहिलं. ‘मोजणारेही’ मधला ‘ही’ काढून पाहिला तर अर्थ उणा होतो, कारण बंदर गेलं आणि तेही गेले. म्हणून तो भरतीचा नाही. ‘जुनाच’ मधला ‘च’ काढला तर काहीच बिघडत नाही. हाच दोन्हींतला फरक.

‘गेले, माणसे’ लिहावं की ‘गेलं, माणसं’, हा प्रश्न मात्रांनी सुटतो. दोन्ही रूपं सारख्याच मात्रांची आहेत, त्यामुळे छंदासाठी पुस्तकी रूप घेण्याचं कारण उरत नाही. कवितेत गावातला माणूस ‘पाणी नाय आता’ म्हणतो तिथे ‘नाय’च्या तीनच मात्रा धरायच्या, मनात ‘नाही’ धरून चार नाहीत.

खरी अडचण आली ती चिंतनाच्या भागात. धक्का, पायऱ्या, गाळ असं डोळ्यांसमोरचं असलं की भाषा आपोआप खाली उतरते. विचार सुरू झाला की संस्कृत नामं रांगेनं येतात. मधल्या एका कडव्याचा आधीचा खर्डा असा होता:

अस्तित्वाची क्षणभंगुरता अंती
विस्मृतीत विरते, हेच अंतिम सत्य.

मात्रा दोन्ही ओळींत वीस. तरी हे बोलणं नाही. ‘अस्तित्वाची’ हे सलग चार गुरू आहेत, तिथे जीभ चालत नाही, पावलं मोजते. याहून मोठा दोष वाक्याच्या घडणीत आहे: विचार आधीच करून संपला आहे आणि इथे फक्त निकाल वाचून दाखवला आहे. चिंतनकवितेत विचार वाचकासमोर घडायला हवा, आणि तो घडतो ‘म्हणजे’, ‘असं नाही’, ‘फक्त’, ‘आणि’ या जोडणाऱ्या शब्दांतून. बोलताना विचार वळवायचं काम हेच शब्द करतात. तेच कडवं नंतर असं झालं:

नाव विसरलं म्हणजे वस्तू गेली
असं नाही. ती असते. फक्त आपण
तिला हाक मारू शकत नाही, आणि
हाक नसली की कुणी त्या बाजूला
वळत नाही.

इथे एकही अमूर्त नाम नाही, पण विस्मृतीचा विचार पूर्ण आला आहे. पहिली ओळ एक विधान करते आणि वाक्य तिथे संपलं असं वाटत असतानाच दुसरी ओळ ‘असं नाही’ म्हणून ते खोडते. ओळीचं माप ठाऊक असल्यामुळेच हा हिसका बसतो. ‘ती असते’ हे सहा मात्रांचं वाक्य लांब वाक्यांच्या मध्ये ठेवलं आहे. सगळी वाक्यं सारख्या लांबीची झाली की वीस मात्रांची ओळही कंटाळवाणी होते. संस्कृत शब्द अजिबात नको असं नाही. एका कडव्यात एखादा असला आणि त्याच्या आजूबाजूला हलके, लघु अक्षरांचे शब्द असले की तो वजनदार ठरतो.

‘वळत नाही.’ ही ओळ सात मात्रांवर सोडली आहे. दीर्घ कवितेत पंधरा ते तीस ओळींचं कडवं ठेवलं, आणि दोन कडवी एकाच ओळीत वाटून घ्यायची पद्धत ठरवली. आधीचं कडवं जितक्या मात्रांवर थांबतं, त्याच्या उरलेल्या मात्रा पुढचं कडवं उचलतं:

भरती येते तेवढी
आठवणीनं, दिवसातून दोनदा.

‘भरती येते तेवढी’ या तेरा मात्रा. सात आणि तेरा मिळून वीस. कागदावर ही ओळ जिथे आधीचं कडवं सुटलं तिथून, आत सरकवून छापायची. मोठ्यानं वाचताना मध्ये पूर्ण थांबा येतो, विषय बदलतो, पण माप सुटत नाही. ही वाटणी प्रत्येक कडव्याला करू नये. अडीचशे ओळींत ती पाच-सहा ठिकाणी ठेवली, जिथे विचार खरोखर दुसरीकडे वळतो तिथेच. बाकीची कडवी पूर्ण ओळीवर संपवली.

एकोणीस किंवा एकवीस मात्रांच्या ओळी शेवटच्या हातानंतरही काही उरल्या. ज्या ओळीत दुरुस्तीसाठी बोलीचा शब्द सोडावा लागत होता ती तशीच ठेवली, पण तिच्या आधीची आणि नंतरची ओळ नेमकी वीस असेल याची खात्री करून. अशा दोन ओळी शेजारी आल्या की कान माप विसरतो, आणि पुढच्या दहा ओळी गद्य होतात. तिथे मात्र पुन्हा तोंडी सांगून, वाक्यच नव्यानं बांधावं लागलं.